उशीचा अभ्रा, भिंत आणि सोफ्याची पाठ: डोक्याच्या तेलाच्या डागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इथली थंडी, इथला लांबलेला पाऊस आणि बोअरचे पाणी या तिन्हींचा डागांवर परिणाम होतो, म्हणून उत्तरेही त्या हिशोबानेच दिली आहेत.

अभ्रा धुताना डाग गेल्यासारखा दिसतो, पण वाळला की पुन्हा दिसतो. असे का?

डाग गेलेलाच नसतो. तेल धाग्यांच्या मधल्या फटी भरते, त्यामुळे कापड त्या जागी किंचित पारदर्शक होते आणि काळसर दिसते. पाणीही नेमके तेच करते. सगळा अभ्रा ओला असला की तेलाची जागा आणि पाण्याची जागा सारखीच दिसते. पाणी उडून जाते, तेल राहते, आणि दोरीवर वाळलेल्या अभ्र्यावर तो गोल पुन्हा उठून दिसतो.

म्हणून डाग गेला की नाही हे ओल्या कापडावर ठरवू नका. अभ्रा पूर्ण वाळू द्या आणि संशयाच्या जागी बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा. स्वच्छ, वापरातल्या सुती कापडात थेंब लगेच शोषला जातो. तेल असेल तर तो क्षणभर मण्यासारखा उभा राहतो आणि मग हळूहळू पसरतो. अभ्रा नवा कोरा असेल तर कांजीमुळेही थेंब उभा राहतो, म्हणून शेजारच्या स्वच्छ भागावर दुसरा थेंब ठेवून दोन्ही ताडून पाहा.

मग धुण्याची बरोबर पद्धत कोणती?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अभ्रा आधी बादलीत बुडवणे. एकदा धाग्यात पाणी शिरले की नंतर लावलेला साबण पातळ होतो आणि तेलापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. कोरड्या कापडावरच सुरुवात करा.

अभ्रा उलटा करून पाटावर पसरा. डागावर भांडी घासायचे लिक्विड थेंबाथेंबाने घाला. तळहाताएवढ्या डागाला एक छोटा चमचा पुरतो. ते बोटाने किंवा जुन्या मऊ टूथब्रशने धाग्यात मुरवा. जोर लावायचा नाही, फक्त डागाचा सगळा भाग ओलसर झाला पाहिजे. असेच 20 ते 30 मिनिटे ठेवा. भांड्यांचे लिक्विड तेलकटपणासाठीच बनवलेले असते. त्याचे कण एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतात, पण त्यासाठी त्यांना वेळ लागतो. पाच मिनिटांत धुऊन टाकले तर वरवरचेच तेल निघते.

त्यानंतर गरम पाणी. पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या सुती अभ्र्याला 55 ते 60 अंशांचे पाणी चांगले. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. एक तांब्या उकळते आणि एक तांब्या नळाचे पाणी मिसळले की साधारण तेवढेच तापमान येते. एवढ्या पाण्यात हात बुडवून ठेवता येत नाही, म्हणून काठीने हलवा. दहा लिटर पाण्याला नेहमीची धुण्याची पावडर आणि एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला, अभ्रा लिक्विडसकट त्यात टाका आणि तासभर भिजू द्या. मग चोळून धुवा. पहिल्या खळबळणीचे पाणीही कोमटच घ्या, दुसरी गारात चालेल.

पावडरच्या पुडीवर एन्झाइम असल्याचे लिहिले असेल तर मात्र पाणी 40 अंशांच्या आसपास, म्हणजे अंघोळीला सोसवेल इतकेच गरम घ्या आणि भिजवण्याचा वेळ दोन तासांवर न्या. त्यातला तेल तोडणारा घटक फार गरम पाण्यात निकामी होतो.

धुण्याचा सोडा नाही, खाण्याचा आहे. चालेल का?

फारसा उपयोग होत नाही. खाण्याचा सोडा खूपच सौम्य असतो. सोडा नसेल तर पावडरच थोडी वाढवा.

थंडीत डाग जास्त का राहतात? पद्धत तर तीच आहे.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी खोबरेल तेलाची बाटली पाहा, त्यातच उत्तर आहे. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठते. बेळगावकडे थंडीत बादलीतले पाणी सहज त्याखाली जाते. अशा पाण्यात अभ्रा घातला की धाग्यातले पातळ तेल घट्ट चरबी होऊन बसते आणि साबणाला ते सुटे करता येत नाही. उन्हाळ्यात तोच अभ्रा त्याच साबणाने नुसत्या नळाच्या पाण्यात बऱ्यापैकी निघतो, कारण तेल पातळच असते.

म्हणून थंडीत खोबरेलाच्या डागाला गरम पाणी हवेच, आणि पहिली खळबळणीही कोमट हवी. गरम पाण्यातून काढलेला अभ्रा थेट गार पाण्यात टाकला, तर सुटलेले तेल पुन्हा गोठून कापडभर चिकटते. डाग एका जागी न राहता सगळा अभ्रा बुळबुळीत लागतो, ही त्याची खूण. दिवाळीतल्या अभ्यंगाच्या दिवसांत आणि बाळंतिणीच्या खोलीत तेलाचे प्रमाण एवढे असते की हे विशेष जाणवते. घरात बंब पेटलेलाच असतो, तर अंघोळी आटोपल्यावर उरलेल्या पाण्यातच अभ्रे भिजवावेत.

बोअरच्या पाण्यात फेसच होत नाही, आणि अभ्रे करडे पडत चालले आहेत.

पाणी जड आहे. त्यातल्या क्षारांशी साबणाच्या वडीचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो तेल धरून ठेवतो आणि कापडावर बसतो. करडेपणा त्याचाच. बेळगाव शहरात राकसकोप किंवा हिडकलच्या नळाच्या पाण्यावर धुणाऱ्यांना हा त्रास सहसा जाणवत नाही, पण गावाकडच्या बोअरवर जाणवतो.

पाणी पारखायला अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात साबणाच्या वडीचा नखाएवढा किस टाका आणि जोरात हलवा. फेस उभा राहिला तर ठीक. पाणी दुधाळ होऊन वर साय धरल्यासारखे दिसले तर जड. जड पाण्यात तेलाच्या डागाला वडी लावूच नका. भांड्यांचे लिक्विड आणि पावडर वापरा. धुण्याचा सोडा पाण्यात आधी विरघळवा, पाच मिनिटांनी पावडर घाला आणि मग कपडे. सोडा क्षारांना आधीच बाजूला करतो, पावडर तेलासाठी मोकळी राहते. पावसाळ्यात पागोळीचे पाणी धरत असाल तर अभ्र्यांसाठी त्यासारखे पाणी नाही.

महिनोन्‌महिने साचलेला पिवळा, खवट वासाचा डाग निघतो का?

बहुतेक वेळा निघतो, पण एका धुण्यात नाही. कारण तिथे नुसते तेल नसते. डोक्याच्या कातडीतून सुटणारा तेलकट स्राव, घाम आणि लावलेले तेल असे तिन्ही थर असतात. खोबरेल बराच काळ बदलत नाही. कातडीचा स्राव आणि करडई, तीळ, बदाम, मोहरी यांसारखी तेले हवेशी संयोग पावून पिवळी आणि चिकट होत जातात. जवसाचे तेल लाकडावर वाळून कडक थर होतो ना, त्याच जातीची ही क्रिया, फक्त सावकाश. चिकट झालेला हा भाग साबणाला सहज सुटत नाही.

एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. पांढरा सुती अभ्रा आहे, चार महिने वापरलेला. तो दर आठवड्याला गार पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, इस्त्री केली. मधोमध वीतभर पिवळा गोल आहे आणि नाकाजवळ नेला की जुन्या शेंगदाण्यासारखा वास येतो. पहिल्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे कोरड्यावर लिक्विड लावा, अर्धा तास थांबा, गरम पाण्यात सोडा-पावडर घालून तासभर भिजवा आणि धुवा. वाळल्यावर थेंब ठेवून पाहा. थेंब अजून उभा राहत असेल तर तेल शिल्लक आहे, तेव्हा हीच कृती पुन्हा करा. बहुधा दुसऱ्या खेपेला थेंब शोषला जातो, पण पिवळा रंग फिकट का होईना दिसतोच.

थेंब शोषला जातो आणि रंग मात्र दिसतो, याचा अर्थ तेल गेले, उरला तो रंग. आता ऑक्सिजन ब्लीचची पाळी. ते सोडियम परकार्बोनेट या नावाची पांढरी दाणेदार पावडर म्हणून मिळते. पाच लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा पूर्ण विरघळवा, अभ्रा त्यात बुडवून चार ते सहा तास ठेवा आणि मग धुवा. बादलीला घट्ट झाकण लावू नका, त्यातून वायू सुटत असतो. हे मिश्रण बाटलीत भरून ठेवायचे नाही, दर वेळी ताजे करायचे. रेशीम आणि लोकर यांना ते चालत नाही.

हा क्रम उलटा करू नका. तेल असतानाच ब्लीच केले तर ते धाग्यापर्यंत पोहोचत नाही, डाग फक्त फिकट होतो आणि महिन्याभरात पुन्हा पिवळा पडतो.

पॉलिएस्टरच्या अभ्र्यावरचा डाग सुतीपेक्षा हट्टी का?

पॉलिएस्टरचा धागा पाण्याला जवळ करत नाही, तेलाला मात्र चटकन धरतो. सॅटिनसारखे चकचकीत अभ्रे बहुधा याच धाग्याचे असतात. यांना लिक्विड लावून अर्ध्या तासाऐवजी तासभर ठेवा, पाणी कोमटच घ्या, आणि एकदा कडक धुण्यापेक्षा दोनदा सौम्य धुवा. कपड्यांना मऊपणा आणणारे लिक्विड अशा अभ्र्यांना लावू नका. त्याचा थर तेलकट असतो आणि पुढचे तेल आणखी धरून ठेवतो.

खरा रेशमी अभ्रा असेल तर रिठा उत्तम. दहा-बारा रिठ्यांची टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी उकळा, गाळा आणि कोमट झाल्यावर त्यात अभ्रा पंधरा मिनिटे हलक्या हाताने हलवा. पांढऱ्या रेशमावर किंचित तपकिरी छटा येऊ शकते, म्हणून आधी शिवणीच्या आत लावून पाहा.

माक्याचे किंवा जास्वंदीचे घरी कढवलेले तेल वापरतो. अभ्र्यावर हिरवट छटा राहते.

तो पानांचा रंग आहे. तेल काढल्यावर उन्हाने आणि ऑक्सिजन ब्लीचने तो विटतो. धुतलेला ओला अभ्रा डागाची बाजू वर करून दोन-तीन दिवस उन्हात घाला.

तेल लाल असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असावी. काही तेलांना रतनजोतने लाल रंग आणलेला असतो. त्यावर सोडा पडला की डाग एकदम निळा-जांभळा होतो आणि माणूस घाबरतो की कापड बिघडले. बिघडलेले नसते. तो रंगच खारात निळा आणि आंबटात लाल दिसतो. शेवटच्या खळबळणीत अर्धे लिंबू पिळले की पुन्हा लालसर होतो, पण त्यामुळे डाग गेला असे समजू नये. त्यालाही मार्ग तोच: आधी तेल, मग रंग.

रॉकेल किंवा पेट्रोल लावले तर पटकन निघतो म्हणतात.

तेल विरघळते हे खरे, पण हे करू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या गॅसच्या किंवा बंबाच्या विस्तवापर्यंत जाऊन पेट घेऊ शकते. असे कापड वॉशिंग मशीनमध्ये घालणे तर आणखी धोक्याचे. रॉकेल स्वतःच तेलकट आहे, ते काढायला पुन्हा तेवढीच मेहनत लागते, आणि त्यावर डोके ठेवून झोपायचे असते.

क्लोरिनचे ब्लीचही तेल काढत नाही. ते रंग घालवते, सुती धागा कमजोर करते. ते ऑक्सिजन ब्लीच, लिंबू किंवा व्हिनेगर यांत कधीही मिसळू नका. आंबट पदार्थाशी मिसळले की त्यातून विषारी वायू निघतो.

डाग थोडासा राहिला आहे, इस्त्री करून टाकू का?

नको. इस्त्रीच्या उष्णतेने उरलेले तेल धाग्यात खोल पसरते आणि पिवळे पडायला लागते. थेंबाची परीक्षा पास झाल्याशिवाय इस्त्री नाही, हा नियम घरात पाळला तर अर्धे जुने डाग तयारच होणार नाहीत.

अभ्रा स्वच्छ केला, पण उशीतूनच तेलाचा वास येतो.

उशी सावरीच्या कापसाची असेल तर ते स्वाभाविक आहे. सावरीचा धागा मेणचट असतो, पाणी झटकतो आणि तेल मात्र शोषून घेतो. ती धुता येत नाही. शिवण उसवून कापूस काढा, चिकटून गोळा झालेला भाग वेगळा करून टाकून द्या, बाकीचा पातळ जाळीखाली दोन दिवस कडक उन्हात घाला. खोळ मात्र अभ्र्यासारखीच धुवा. पुन्हा भरल्यावर उशीला आत एक जाड सुती खोळ आणि वर अभ्रा अशी दोन आवरणे ठेवा. खानापूरकडच्या पावसात हे काम काढू नका. अर्धवट वाळलेल्या कापसाला बुरशी येते आणि तिचा वास तेलापेक्षा वाईट.

सोप्यात बसून मुलांनी भिंतीला डोकी टेकली. डाग आजचाच आहे. काय करावे?

पाणी लावू नका, ओले फडके फिरवू नका. टिपकागद किंवा साधा टिश्यू डागावर हाताने दाबून धरा, घासू नका. मग पांढरी टाल्कम पावडर किंवा बारीक केलेला खडू कापसाने डागावर थोपटा. तीन-चार तासांनी मऊ ब्रशने झटका आणि पुन्हा लावा. तेल पातळ असेपर्यंतच हा उपाय चालतो. थंडीत खोबरेल भिंतीवर गोठलेले असेल, तर आधी हेअर ड्रायरने जागा कोमट करा आणि लगेच टिश्यू दाबा. टिश्यूवर तेल उमटताना दिसते. मुलतानी मातीही तेल ओढते, पण पांढऱ्या भिंतीवर पिवळसर छटा ठेवते. वर्तमानपत्र वापरू नका, शाई भिंतीवर उतरते.

भिंतीचा रंग धुता येतो की नाही हे कसे ओळखावे?

कपाटामागे किंवा दाराआड ओले पांढरे फडके दहा वेळा हलके फिरवा. फडक्यावर रंग आला तर तो डिस्टेंपर किंवा चुना, धुता येत नाही. नाही आला तर इमल्शन किंवा ऑइल पेंट, धुता येतो.

धुता येणाऱ्या भिंतीला अर्धा लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा भांड्यांचे लिक्विड पुरेसे आहे. स्पंज पिळून घ्या आणि खालून वर जा. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या कोरड्या, मळक्या भागावर उतरतात आणि त्यांच्या रेषा नंतर निघत नाहीत. दोन मिनिटांनी साध्या पाण्याच्या स्पंजने दोनदा पुसा. साबण राहिला तर त्या जागी धूळ लवकर बसते. रंग मॅट असेल तर जोराने घासू नका. डाग जाईल, पण तिथे चकाकी येईल आणि ती डागाइतकीच दिसेल.

डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर जुना डाग असेल तर?

खरे सांगायचे तर तो पुसून निघत नाही. तेल रंगाच्या थरातून गिलाव्यापर्यंत पोहोचलेले असते. पावडर आणि कोमट हवेने फिकट करता येतो, त्यापुढे रंगकामच.

पण रंग दिला तरी सहा महिन्यांत डाग पुन्हा वर आला!

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि चूक रंगाची नसते. भिंतीचे नवे डिस्टेंपर किंवा इमल्शन पाण्यात कालवलेले असते. तेलकट जागेवर ते नीट चिकटत नाही, आणि खालचे तेल त्याच्या बारीक छिद्रांतून हळूहळू वर येते. आणखी दोन हात मारले तरी फक्त वेळ लांबते. तेल आणि नवा रंग यांच्यामध्ये ज्यातून तेल जात नाही असा थर घालावा लागतो.

समजा, खाटेशेजारी हातभर रुंद आणि वीतभर उंच डाग आहे, डिस्टेंपरची भिंत. पत्र्याच्या पट्टीने त्या भागाचा सगळा सुटा, फुगलेला रंग खरवडा. लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि थोडे लिक्विड घालून जागा धुवा. डिस्टेंपर निघून येईल, येऊ द्या, रंग नवा द्यायचाच आहे. हातमोजे घाला, सोडा कातडी कोरडी करतो. साध्या पाण्याने दोनदा पुसा आणि भिंत दोन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात आठवडाही लागतो, आणि जमले तर हे काम दिवाळीनंतरच काढा. वाळल्यावर 120 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून धूळ झटका.

आता ऑइल प्रायमर, म्हणजे पाण्याचा नव्हे तर टर्पेंटाइनने पातळ होणारा. दुकानात नुसते प्रायमर मागितले तर बहुतेक वेळा पाण्याचा डबा हातात येतो, तेव्हा डब्यावर काय घालून पातळ करायला सांगितले आहे ते वाचूनच घ्या. डागाच्या चारही बाजूंना चार बोटे जास्त धरून एक हात द्या. खिडक्या उघड्या ठेवा, खोलीत उदबत्ती किंवा निरांजन नको. रात्रभर वाळल्यावर उजेड तिरपा पाडून पाहा. डागाची कड अजून जाणवत असेल तर दुसरा हात. काहीच दिसत नसेल तर वर पातळ पुट्टी, घासणे आणि मग रंग. रंग मात्र पूर्ण भिंतीला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्या. नुसता तुकडा रंगवला तर तो चौकोन कायम दिसतो.

गिलावाच तेल पिऊन मऊ झाला असेल, नखाने टोकरला की भुगा पडत असेल, तर प्रायमर तिथे धरत नाही. तेवढा भाग निरोगी गिलावा लागेपर्यंत काढून नवा भरावा लागतो. मातीच्या जुन्या भिंतीला तर हाच एक मार्ग आहे.

कापडी सोफ्याची पाठ कशी साफ करावी?

अभ्र्यात आणि सोफ्यात मोठा फरक असा की सोफा खळबळता येत नाही. कापडामागे फोम असतो आणि त्याने तेलही प्यायलेले असते. भरपूर पाणी ओतले तर फोमातले तेल पाण्याबरोबर हलते आणि वाळताना वर कापडात येते. दुसऱ्या दिवशी डाग आधीपेक्षा मोठा दिसतो तो यामुळे.

म्हणून सोफ्याला पाणी नाही, फक्त फेस. आधी कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर डागावर जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढा. मग एक कप कोमट पाण्यात दोन छोटे चमचे भांड्यांचे लिक्विड घालून रवीने घुसळा. वर आलेला कोरडा फेस तेवढा स्पंजावर घ्या, खालचे पाणी नाही. फेस डागावर लावून वरून खाली हलके फिरवा आणि दोन मिनिटांनी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने टिपा. फडके दर वेळी धुऊन घ्या. त्यावर मळ येणे थांबले की थांबा. पंखा लावून वाळवा. दोन दिवसांच्या अंतराने असे तीन वेळा केले तर एकदाच दामटून करण्यापेक्षा चांगले निघते. कापडाला मागे किंवा खाली चिठ्ठी असेल तर ती आधी पाहा. तिच्यावर नुसते एस अक्षर असेल तर पाण्याचा काहीच उपाय करू नका, ड्रायक्लीनिंगवाल्याला दाखवा. इथल्या सुतारांकडून करवून घेतलेल्या सोफ्यांना सहसा चिठ्ठी नसते, तेव्हा पाठीच्या खालच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर आधी करून पाहा.

डाग गेला, पण त्याच्याभोवती नकाशासारखी कड उमटली.

पाणी वाळताना मळ कडेला ढकलते, ती कड. पुढच्या वेळी फेस डागापुरता न लावता एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग सारखा ओलसर करा. आता उमटलेली कडही तशीच जाते.

रेक्झिनच्या सोफ्यावर डोक्याच्या जागी चिकट लागते आणि सालपटे निघतात.

चिकटपणा नुसता मळाचा असेल तर पाव लिटर कोमट पाण्यात पाच-सहा थेंब लिक्विड, पिळलेले फडके, मग साधे ओले आणि मग कोरडे, एवढ्याने जातो. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, वरचा थर विरघळतो. पुसल्यानंतरही बोट चिकटत असेल किंवा सालपटे निघत असतील, तर तेलाने आणि घामाने थरच खराब केला आहे. तो परत येत नाही. तेवढ्या भागाचे रेक्झिन बदलून मिळते, पूर्ण सोफा टाकायची गरज नाही.

डाग पडूच नये म्हणून काय करावे?

सोफ्याच्या पाठीवर सुती कापड टाका. आपल्या आज्यांनी क्रोशाचे रुमाल टाकले ते याच कामासाठी. एकोणिसाव्या शतकात विलायतेत मॅकॅसर नावाचे केसांचे तेल इतके वापरात आले की खुर्चीच्या पाठीवरच्या कापडाला अँटीमॅकॅसर असेच नाव पडले. क्रोशाची नक्षी मात्र भोकांची असते, तेल तिच्यातून खाली जाते; तिच्याखाली दुपदरी मलमल शिवून घ्या. हे कापड आठ दिवसांनी धुवा, महिना थांबू नका.

रात्री तेल लावून झोपायचे असेल तर अभ्र्यावर जुना टॉवेल दुहेरी घडी घालून पसरा आणि तो सकाळी उचला. तो टॉवेल बाकीच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. भिंतीला टेकून बसायची जागा ठरलेली असेल तर तिथे टेकण्याच्या उंचीवर चटई किंवा फळी ठोका; पुढच्या रंगकामात तो भाग धुता येणाऱ्या ऑइल पेंटचा केला तरी चालेल.